गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना: खर्च, कागदपत्रे आणि फायद्याचा खरा हिशेब

गृहकर्ज एका संस्थेकडून दुसरीकडे नेण्याला बँकेत ‘टेकओव्हर’ किंवा ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. या शब्दांमुळे जणू एक खाते उचलून दुसरीकडे ठेवले जाते असा समज होतो. प्रत्यक्षात तुम्ही जुने कर्ज मुदतीपूर्वी फेडत असता आणि त्यासाठी नवे कर्ज काढत असता. नवी बँक जुन्या संस्थेला शिल्लक रक्कम चुकती करते, घराची मूळ कागदपत्रे सोडवून स्वतःच्या ताब्यात घेते आणि घर नव्याने गहाण ठेवून घेते. त्यामुळे उत्पन्नाची तपासणी, मालमत्तेचा शोध अहवाल, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क हे सारे दुसऱ्यांदा होते आणि त्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. व्याजदरातील फरक या खर्चाहून किती मोठा आहे, हाच या निर्णयातील मुख्य प्रश्न आहे.

या लेखात महाराष्ट्रातील तयार सदनिकेवरील, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाचा विचार केला आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील घराचे कर्ज हलवणे शक्य असले तरी त्यात बांधकाम व्यावसायिकाची संमती आणि त्रिपक्षीय करार येतो, आणि बहुतेकांनी ताबा मिळेपर्यंत थांबलेलेच बरे.

दरात फरक का पडतो

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दराचा फेरआढावा घ्यावा लागतो. तुमचा दर म्हणजे रेपो दर अधिक बँकेने त्यावर लावलेला फरक, ज्याला ‘स्प्रेड’ म्हणतात. रेपो दर २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, तो त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जदाराला ही कपात बरीचशी आपोआप मिळाली.

दोन प्रकारचे कर्जदार मात्र मागे राहिले. पहिला गृहवित्त कंपन्यांचा ग्राहक. या कंपन्या स्वतः ठरवलेल्या मूळ दराशी कर्ज जोडतात, त्यामुळे रेपो घसरला तरी तो दर किती आणि कधी उतरवायचा हे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती असते. दुसरा २०१९ पूर्वी बँकेकडून कर्ज घेतलेला ग्राहक, ज्याचे कर्ज अजून एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतःच ठरवलेल्या अंतर्गत दरावर आहे. कर्ज हलवण्याचा सर्वाधिक लाभ या दोघांना होतो. याउलट ज्याचे कर्ज आधीच रेपोशी जोडलेले आहे, त्याला दुसऱ्या बँकेत गेल्यावर केवळ स्प्रेडमधला फरक मिळतो आणि तो बहुधा लहान असतो. म्हणून सर्वप्रथम मंजुरीपत्र काढावे आणि आपले कर्ज कोणत्या मानदंडाशी जोडले आहे व स्प्रेड किती आहे, हे पाहावे.

आधी आपल्याच संस्थेला विचारावे

नवीन ग्राहकाला मिळणारा दर आणि जुन्या ग्राहकाला लागणारा दर यांत अंतर असते, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक असते. ते कमी करण्यासाठी ‘कन्व्हर्जन’ किंवा ‘स्विच’ नावाची सोय असते. एक अर्ज आणि ठरावीक शुल्क भरून तुमचा स्प्रेड किंवा मानदंड बदलून मिळतो. घराची कागदपत्रे जागची हलत नाहीत, नवे गहाण होत नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. मागणी लेखी करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे, कारण दूरध्वनीवर सांगितलेला दर आणि पत्रात आलेला दर एकच असेल याची खात्री नसते. दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र सोबत जोडल्यास उत्तर लवकर येते, असा अनेकांचा अनुभव आहे.

या पायरीचा हिशेबावर मोठा परिणाम होतो. दुसऱ्या बँकेच्या दराची तुलना आजच्या दराशी न करता आपली संस्था जो सुधारित दर द्यायला तयार आहे त्याच्याशी करायला हवी. बहुतेक जाहिराती नेमकी ही गोष्ट बाजूला ठेवतात.

खर्च कोणकोणता येतो

जुनी संस्था मुदतपूर्व फेडीसाठी दंड लावेल ही भीती सर्वांना असते. व्यक्तीने व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क आकारता येत नाही, मग फेडीचे पैसे दुसऱ्या बँकेकडून आलेले असले तरीही. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. पहिली काही वर्षे दर स्थिर आणि पुढे बदलता अशी योजना असेल, तर स्थिर काळ संपला आहे का ते करारात तपासावे. तो संपायला चार-सहा महिने उरले असतील तर थांबणे स्वस्त पडते.

नव्या बँकेकडचा पहिला खर्च प्रोसेसिंग फीचा. ती कर्जाच्या टक्केवारीत असते किंवा ठोक रक्कम असते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सणासुदीला ती माफ केली जाते, परंतु माफी फक्त फीची आहे की वकील व मूल्यांककाच्या शुल्काचीही, हे विचारून घ्यावे.

दुसरा खर्च महाराष्ट्रातील कर्जदाराने विशेष लक्षात ठेवावा. मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणावर राज्यात मुद्रांक शुल्क लागते आणि पाच लाखांपेक्षा अधिक कर्जावर ते ०.३ टक्के आहे. त्याखेरीज अशा गहाणाची सूचना, जिला बँकेत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणतात, तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते व तिची वेगळी फी आणि दस्त हाताळणी शुल्क असते. मूळ कर्ज घेताना हे सारे एकदा भरलेले असते. कर्ज हलवले की नव्या बँकेच्या नावाने ते पुन्हा भरावे लागते आणि जुने शुल्क परत मिळत नाही. चाळीस लाखांच्या कर्जावर हा आकडा बारा हजार रुपये होतो. ‘झिरो प्रोसेसिंग फी’ असे मोठ्या अक्षरांत सांगणारा प्रतिनिधी याविषयी बहुधा शेवटच्या भेटीत बोलतो.

तिसरा खर्च कोणत्याही पत्रकात नसतो. नव्या बँकेने जुन्या संस्थेच्या नावे पे ऑर्डर काढली त्या दिवसापासून नव्या कर्जाचे व्याज सुरू होते, पण ती जमा होईपर्यंत जुन्या कर्जाचेही व्याज चालूच राहते. या मधल्या दिवसांत दोन्हीकडे व्याज जाते. मूळ कागदपत्रे हाती येईपर्यंत काही बँका थोडा अधिक दरही लावतात; मंजुरीपत्राच्या अटींत हे लिहिलेले असते.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, एका गृहवित्त कंपनीकडे ४० लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे, १५ वर्षे उरली आहेत आणि दर ९ टक्के आहे. मासिक हप्ता ४०,५७१ रुपये येतो. एक बँक ८ टक्के दर देते, म्हणजे रेपो ५.२५ अधिक स्प्रेड २.७५. तेवढ्याच मुदतीसाठी नवा हप्ता ३८,२२६ रुपये होतो.

खर्च असा धरू: प्रोसेसिंग फी ०.२५ टक्के व जीएसटी मिळून ११,८०० रुपये, मुद्रांक शुल्क १२,००० रुपये, वकिलाचा शोध अहवाल व मूल्यांकन ६,००० रुपये, नोटीस, प्रतिज्ञापत्रे व किरकोळ २,५०० रुपये आणि सात दिवसांच्या दुहेरी व्याजाचे सुमारे ६,१०० रुपये. एकूण ३८,४०० रुपये. यातील मुद्रांक शुल्क कायद्याने ठरलेले आहे. बाकीचे आकडे हिशेबासाठी धरलेले असून तेथे आपापल्या मंजुरीपत्रातील रकमा घालाव्यात.

हप्त्यात दरमहा २,३४५ रुपयांची घट झाली, म्हणून खर्च भरून निघायला सोळा-सतरा महिने लागतील, असे वाटते. प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ लागतो. पहिल्या महिन्याकडे पाहा. ९ टक्क्यांनी त्या महिन्याचे व्याज ३०,००० रुपये होते आणि मुद्दल १०,५७१ रुपयांनी उतरले असते. ८ टक्क्यांनी व्याज २६,६६७ रुपये होते आणि मुद्दल ११,५५९ रुपयांनी उतरते. म्हणजे हप्ता कमी झालाच, शिवाय त्या लहान हप्त्यातून मुद्दलही ९८८ रुपयांनी अधिक फिटले. खरी बचत व्याजातील फरकाएवढी, म्हणजे ३,३३३ रुपये आहे आणि खर्च साधारण वर्षभरात वसूल होतो. म्हणून परतफेडीचा काळ मोजताना हप्त्यांची वजाबाकी न करता शिल्लक मुद्दलाला दरातील फरकाने गुणावे, बाराने भागावे आणि त्या रकमेने एकूण खर्चाला भागावे.

आता समजा, जुन्या कंपनीने ५,९०० रुपये कन्व्हर्जन शुल्क घेऊन दर ८.३० टक्के करण्याची तयारी दाखवली. चित्र लगेच पालटते. कर्ज हलवून मिळणारा जादा फायदा आता केवळ ०.३० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी बारा हजारांच्या आत आहे आणि त्यासाठीचा जादा खर्च ३२,५०० रुपये आहे. तो वसूल व्हायला जवळपास तीन वर्षे लागतील. तीन-चार वर्षांत घर विकण्याचा किंवा मोठी रक्कम भरून कर्ज उतरवण्याचा विचार असेल, तर येथे हलण्यात अर्थ नाही. मात्र एक बाब ध्यानात ठेवावी: कन्व्हर्जननंतरही ते कर्ज कंपनीच्याच मूळ दराशी जोडलेले राहते, आणि पुढच्या कपातीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो.

सर्वांत महाग चूक मुदतीच्या रकान्यात होते. नवी बँक अनेकदा २० वर्षांची मुदत सुचवते आणि हप्ता ३३,४५८ रुपयांवर आलेला दाखवते. दरमहा सात हजार वाचले असे वाटते, पण २४० हप्त्यांची बेरीज ८०,२९,९२० रुपये होते, तर जुन्याच ठिकाणी राहून १८० हप्ते भरले असते तर ती ७३,०२,७८० रुपये झाली असती. दर एक टक्क्याने कमी होऊनही सव्वासात लाख रुपये अधिक गेले. याच्या नेमके उलट करावे. नव्या बँकेत ८ टक्क्यांनी जुनाच ४०,५७१ रुपयांचा हप्ता चालू ठेवला, तर कर्ज सुमारे १६१ महिन्यांत फिटते, म्हणजे दीड वर्षाहून अधिक आधी, आणि एकूण बचत साडेसात लाखांच्या पुढे जाते. ज्यांना आजचा हप्ता पेलतो, त्यांनी तो कमी करून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूचे उदाहरण थोडक्यात. शिल्लक १४ लाख, उरलेली मुदत ५ वर्षे, दर ८.५० वरून ८ टक्के. हप्त्यात ३३६ रुपयांचा फरक पडतो आणि पाच वर्षांत एकूण वीस हजार वाचतात. प्रोसेसिंग फी ५,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच असली, तरी मुद्रांक शुल्काचे ४,२०० रुपये, शोध व मूल्यांकन, किरकोळ आणि दुहेरी व्याज धरून खर्च साडेवीस हजारांच्या वर जातो. हप्त्यांत व्याजाचा वाटा सुरुवातीला मोठा असतो. शेवटच्या वर्षांत वाचवण्याजोगे व्याजच फारसे उरत नाही. अशा वेळी खर्चाची तीच रक्कम मुद्दलात भरावी.

अर्जापासून मंजुरीपर्यंत

नव्या बँकेला तुमच्या उत्पन्नाची आणि घराची, अशी दोन प्रकारची कागदपत्रे लागतात. पगारदाराच्या बाबतीत पगारपत्रके, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा पुरतो. त्यासोबत जुन्या कर्जाचे मंजुरीपत्र आणि किमान वर्षभराचा खातेउतारा द्यावा लागतो, ज्यावरून हप्ते वेळेवर गेले की नाही ते दिसते. मागील बारा महिन्यांत एखादा हप्ता परत गेलेला असेल, तर जाहिरातीतला दर मिळण्याची आशा धरू नये. दर क्रेडिट स्कोअरवर ठरतो, म्हणून अर्जाआधी आपला अहवाल स्वतः पाहावा आणि एकाच वेळी पाच-सहा बँकांत अर्ज टाकू नयेत.

घराची मूळ कागदपत्रे जुन्या संस्थेकडे असल्याने नवी बँक प्रतींवरून काम सुरू करते. त्यासाठी जुन्या संस्थेकडून तिच्या ताब्यातील दस्तऐवजांची अधिकृत यादी घ्यावी, जिला ‘एलओडी’ म्हणतात. या यादीत खरेदी करारनामा, नोंदणी पावती, इंडेक्स टू, आधीच्या मालकांचे साखळी करार, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग दाखला अशी नोंद असते. ती आपल्या फाइलमधील प्रतींशी एकेक ओळ लावून तपासावी. कर्जाच्या वेळी दिलेला एखादा जुना साखळी करार यादीत नसेल, तर त्याचा पाठपुरावा त्याच आठवड्यात सुरू करावा. कर्ज फेडल्यानंतर तो सापडला नाही तर नवी बँक तुम्हालाच जबाबदार धरते.

सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र बँकेच्या ठरावीक नमुन्यात लागते. व्यवस्थापक समितीची सभा बहुधा महिन्यातून एकदा होते, त्यामुळे हा अर्ज सर्वांत आधी द्यावा. बँकेचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींवरून शोध अहवाल देतो, मूल्यांकक घरी येऊन जातो आणि मगच अंतिम मंजुरी मिळते. मंजूर आराखड्यात नसलेली बाल्कनी खोलीत घेतलेली असेल, तर हरकत याच टप्प्यावर निघते.

मंजुरीपत्र हाती आल्यावर मानदंड, स्प्रेड, मुदत आणि सर्व शुल्के त्यात लिहिली आहेत का, हे पाहावे. विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिळवलेला असू शकतो. तो विमा त्याच बँकेकडून घेण्याची सक्ती नाही.

पैसे चुकते करण्याचे दिवस

जुन्या संस्थेकडे आता कर्ज बंद करण्यासाठीचे पत्र, म्हणजे ‘फोरक्लोजर लेटर’ मागावे. ते देताना ती बहुधा थांबायला सांगते आणि कमी दराचा प्रस्ताव पुढे करते. कर्ज दुसरीकडे नेण्याची विनंती मिळाल्यावर संमती किंवा हरकत २१ दिवसांत कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे, म्हणून विनंतीची पोच जपून ठेवावी.

या पत्रात शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, काही थकीत शुल्क, प्रतिदिन व्याज आणि पत्र ज्या तारखेपर्यंत लागू आहे ती तारीख असते. यातील शेवटच्या दोन बाबींकडे दुर्लक्ष केल्याने अनेकांची खाती अडकतात. वरच्या उदाहरणात प्रतिदिन व्याज ९८६ रुपये आहे. पत्र २० तारखेपर्यंतचे असेल आणि पे ऑर्डर २३ तारखेला जमा झाली, तर सुमारे २,९६० रुपये कमी पडतात. तेवढ्यासाठी खाते उघडे राहते, पुढचा हप्ता कापला जातो आणि कागदपत्रे परत करण्याची मुदतही सुरू होत नाही. म्हणून पे ऑर्डर काढताना चार-पाच दिवसांचे व्याज वर धरावे किंवा फरक भरण्यासाठी स्वतःचा धनादेश बरोबर न्यावा. जादा गेलेली रक्कम परत मिळते. पे ऑर्डर जुन्या संस्थेच्या नावे असावी आणि तिच्यावर कर्ज खात्याचा क्रमांक असावा.

दिवस निवडताना जुना हप्ता कापला गेल्यानंतरचा आठवडा धरावा. हप्ता ५ तारखेला जात असेल, तर ७ ते १२ तारखेदरम्यान व्यवहार पुरा केल्यास पुढच्या हप्त्याआधी खाते बंद होऊन स्वयंचलित कपातीचा आदेश रद्द करायला अवधी मिळतो.

कागदपत्रे परत घेताना आणि त्यानंतर

१ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यावर जुन्या संस्थेने मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करायला हवीत आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यायला हवी. कागदपत्रे गहाळ झाली असतील, तर दुय्यम प्रती मिळवून देण्यास मदत करून त्याचा खर्चही तिनेच सोसायचा असतो. परत घेताना यादी हातात ठेवावी, प्रत्येक कागदाची पाने मोजावीत आणि मगच पोच द्यावी. सोबत कर्ज बंद झाल्याचे पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही मागावा.

नव्या बँकेत कागदपत्रे जमा केल्यावर तिच्याकडून पोच घ्यावी आणि गहाणाची नोटीस तीस दिवसांच्या आत दाखल झाल्याची प्रत मागावी, कारण ती दाखल करण्याची जबाबदारी कायद्याने गहाण ठेवणाऱ्यावर आहे. ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत जुन्या संस्थेचा बोजा उतरला आणि नव्या बँकेचा चढला, हेही पाहावे. सोसायटीला दोन्ही पत्रे द्यावीत, एक जुना बोजा काढण्यासाठी आणि दुसरे नवा नोंदवण्यासाठी. हे राहून गेले तर घर विकताना दहा वर्षांपूर्वीच्या संस्थेचे नाव सोसायटीच्या दप्तरातून निघते.

जुन्या कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा कर्जविमा घेतला असेल, तर तो पुढे चालू ठेवता येतो का किंवा त्याची काही रक्कम परत मिळते का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. नव्या कर्जाला तो आपोआप लागू होत नाही. जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यांना मूळ गृहकर्ज फेडण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावरही वजावट मिळते. त्या वर्षासाठी दोन्ही संस्थांकडून व्याजाचे प्रमाणपत्र घ्यावे. हस्तांतरणाबरोबर घेतलेल्या ‘टॉप-अप’, म्हणजे शिल्लक कर्जाहून जादा घेतलेल्या रकमेचे व्याज मात्र ती रक्कम घरासाठी वापरली असेल तरच यात बसते.

दीड-दोन महिन्यांनी आपला क्रेडिट अहवाल काढून जुने खाते बंद दाखवले आहे का, ते पाहावे. ते अजून चालू दिसत असेल, तर कर्ज बंद झाल्याच्या पत्राची प्रत जोडून संस्था आणि क्रेडिट ब्युरो या दोघांकडे तक्रार नोंदवावी. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जाता येते.